घर भाड्याने देणाऱ्या मालकांना खुलं पत्र: दुरुस्तीची नोटीस पुन्हा लिहा

सर्व घरमालकांस,

सप्रेम नमस्कार.

भाड्याने दिलेल्या इमारतींमधली दुरुस्तीची कामं करून घेणं हा माझा व्यवसाय आहे. प्लंबर, गवंडी, माल, वेळापत्रक हे सगळं मी बघतो. भाडेकरूंना नोटीस मात्र तुम्ही देता आणि बहुतेक वेळा ती माझ्या हातात पडते तेव्हा जिन्यात चिकटवूनही झालेली असते. काम वेळेत होणार की अडणार, हे त्या कागदावर किती अवलंबून असतं ते मी रोज पाहतो. म्हणून हे पत्र.

एकच काम उदाहरणाला घेतो. चार मजली इमारत, बाथरूममधून खाली उतरणारी मैल्याची उभी लाइन, आणि तिचा बिडाचा जुना पाइप जागोजागी गंजून फुटलेला. खालच्यांच्या भिंतीला ओल, वरच्यांच्या बाथरूममध्ये वास. पाइप बदलल्याशिवाय इलाज नाही. हेच काम निवडलं, कारण त्यात भाडेकरूच्या दारातून आत जावं लागतं आणि एका घराने साथ दिली नाही तर चारही घरांचं काम थांबतं. पायरी दुरुस्त करायची असती तर नोटीस कशीही लिहिलेली चालली असती.

अशा कामासाठी निघालेली एक नोटीस खाली देतो. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे, बाकी मजकूर तसाच.

«सर्व भाडेकरूंना याद्वारे कळविण्यात येते की, इमारतीच्या ड्रेनेज लाइनच्या दुरुस्तीचे काम दि. १४ पासून हाती घेण्यात येणार आहे. काम तीन दिवसांचे असून सर्वांनी सहकार्य करावे. कामाच्या वेळेत पाण्याचा वापर टाळावा व घर उपलब्ध करून द्यावे. घर बंद आढळल्यास होणाऱ्या नुकसानीस मालक जबाबदार राहणार नाहीत व संबंधितांवर योग्य ती कारवाई करण्यात येईल. तसेच ज्यांचे भाडे थकले आहे त्यांनी ते त्वरित भरावे. जिन्यात चपला ठेवू नयेत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. हुकमावरून.»

कागद कडक दिसतो. पण भाडेकरूच्या जागी बसून वाचा. आपली लाइन यात येते का, ते कळत नाही. कामाची वेळ कुठली, तेही नाही. पाणी टाळायचं म्हणजे कमी वापरायचं की अजिबात सोडायचं नाही? घर उपलब्ध करून द्यायचं म्हणजे दिवसभर घरी बसायचं, की किल्ली देऊन कामावर गेलं तरी चालेल? कारवाई होणार हे कळलं, पण नेमकं काय केलं म्हणजे ती होणार नाही, ते कुठेच लिहिलेलं नाही.

त्या कामाच्या पहिल्याच दिवशी, अकराच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी बादलीभर पाणी मोरीत ओतलं. पहिल्या मजल्यावर पाइप कापलेला होता. ते सगळं पाणी तिथे, उघड्या तोंडातून, काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर आणि त्या घरातल्या सामानावर आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कपडे धुणं पुढे ढकललं होतं, आंघोळी पहाटेच उरकल्या होत्या, फक्त एक बादली ओतली होती. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी पाणी टाळलंच होतं. दुसऱ्या मजल्याचं दार बंद होतं. भाडेकरू कामावर गेलेले. कितीला यायचं हे लिहिलेलं नसताना ते सुट्टी तरी कशाच्या भरवशावर घेणार?

बंद दाराचा परिणाम काय होतो तेही सांगतो, कारण मालकांनाही तो पुरता माहीत नसतो. आम्ही आधी वरचा पाइप क्लॅम्पने भिंतीला धरून ठेवतो आणि मग खालून एकेक मजला बदलत वर जातो. प्रत्येक मजल्यावर शौचालयाचा आणि मोरीचा जोड त्या त्या घराच्या बाथरूममध्ये असतो, तो बाहेरून करता येत नाही. मधलं घर बंद असलं की खालचा नवा पाइप आणि वरचा जुना पाइप यांना रबरी कपलिंगने तात्पुरतं जोडून थांबावं लागतं. एका रात्रीपुरता तो जोड चांगला. पण काम तिथेच अडकलं आणि तो महिनोन्‌महिने तसाच राहिला, तर गंजलेल्या बिडाच्या खडबडीत तोंडाशी त्याला पाझर फुटण्याची भीती असते. म्हणजे बंद घराचा त्रास बंद घराला होत नाही, खालच्याला होतो.

ही गोष्ट नोटिशीत लिहा. माझं मुख्य म्हणणं तेवढंच आहे. नोटिशीचा ठामपणा खऱ्या कारणातून आणि नेमक्या वेळेतून यावा. कारवाईच्या धमकीने माणूस घाबरतो किंवा चिडतो, पण सकाळी नऊला दार उघडायचं की नाही हे त्याला त्यातून कळत नाही. वरून ओतलेलं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या घरात पडणार, हे एकदा वाचल्यावर नळाकडे गेलेला हात मागे येतो.

याच्या उलटही मी पाहिलं आहे. काही मालकांना नोटिशीचा कडकपणा नको असतो, म्हणून ते लिहितात, «शक्य झाल्यास कृपया घरी थांबावे, जमेल तेवढे पाणी कमी वापरावे, आपल्याला त्रास देताना फार वाईट वाटते.» हेतू चांगला आहे, पण काम अडतं ते अडतंच. शक्य झाल्यास म्हटलं की ज्याला जमणार नाही तो निश्चिंतपणे निघून जातो आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. ज्या गोष्टीला पर्याय नाही तिथे पर्याय असल्यासारखं लिहिणं हे आपुलकीचं नाही. त्याचा भुर्दंड दुसऱ्या भाडेकरूला बसतो.

आता तीच नोटीस मी कशी लिहीन ते पाहा. पहिल्या ते चौथ्या मजल्यावरची जी चार घरं या लाइनवर आहेत, त्यांनाच ही द्यायची.

«नमस्कार,

तुमच्या बाथरूममधून खाली जाणारा मैल्याचा पाइप जुना होऊन फुटला आहे. भिंतींना येणारी ओल आणि वास त्यामुळेच आहे. हा पाइप आपण पहिल्या ते चौथ्या मजल्यापर्यंत पूर्ण बदलत आहोत. खर्च माझा आहे, तुमच्याकडून काही घेतलं जाणार नाही.

पाइपचं काम मंगळवार १४ ते गुरुवार १६ या तीन दिवसांत, रोज सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चालेल. या वेळात तुमच्या बाथरूममध्ये पाणी अजिबात सोडू नका. शौचालय, मोरी, बेसिन, वॉशिंग मशीन, काहीही नाही. पाइप खाली कापलेला असेल, त्यामुळे वरून सोडलेलं एक बादली पाणीही खालच्या घरात पडेल. स्वयंपाकघराची लाइन वेगळी आहे, तिथलं पाणी नेहमीसारखं वापरा.

रोज संध्याकाळी ५ ला पाइप जोडलेला असेल आणि सकाळी ९ पर्यंत शौचालय वापरता येईल. काही कारणाने उशीर होतोय असं दिसलं तर ४ वाजता मी स्वतः येऊन सांगेन.

तीनही दिवस ९ ते ५ तुमचं दार उघडावं लागेल. जोड तुमच्या बाथरूममध्येच आहे आणि एक घर बंद राहिलं तर चौघांचं काम थांबतं. तुम्ही घरी थांबणार नसाल तर नातेवाइकाला किंवा शेजाऱ्यांना थांबायला सांगा, किंवा किल्ली माझ्याकडे द्या. किल्ली दिलीत तर माणसं आत असतील तेवढा वेळ मी तुमच्या घरात थांबेन. यापैकी काय करणार आहात ते शुक्रवार १० तारखेपर्यंत मला सांगा.

१३ तारखेच्या रात्री बाथरूम आणि तिथपर्यंतची वाट मोकळी करून ठेवा. भिंत फोडताना धूळ उडेल. आम्ही वाटेवर ताडपत्री घालू आणि रोज संध्याकाळी राडारोडा उचलून नेऊ.

शुक्रवारी १७ ला फोडलेली जमीन आणि भिंत बंद करू. ती वाळेपर्यंत, म्हणजे सोमवार २० पर्यंत, बाथरूमच्या जमिनीवर पाणी ओतू नका. फ्लश चालेल. सोमवारी सकाळी जमिनीवर बोटभर पाणी भरून ते २४ तास ठेवू आणि मंगळवारी २१ ला सकाळी खालच्या घराचं छत कोरडं आहे का ते बघू. त्या २४ तासांत बाथरूम पूर्ण बंद राहील.

म्हणजे १४ च्या सकाळपासून २१ च्या सकाळपर्यंत तुम्हाला घरात आंघोळ करता येणार नाही. ही मोठी अडचण आहे, याची मला कल्पना आहे. तळमजल्यावरची रिकामी खोली तोपर्यंत उघडी राहील. तिथलं बाथरूम आणि शौचालय वेगळ्या लाइनवर आहे, दिवसरात्र वापरा. एक किल्ली प्रत्येक घराला देत आहे.

घरात कोणी आजारी असेल, तान्हं मूल असेल, जिने उतरणं कोणाला अवघड असेल किंवा कोणी रात्रपाळी करून दिवसा झोपत असेल, तर मला आधी सांगा. तारखा बदलता येणार नाहीत, पण तुमच्या घरातली फोडाफोड किती वाजता करायची ते ठरवता येईल.

माझा फोन नंबर खाली आहे. कामाच्या दिवसांत मी इमारतीतच असेन.»

खाली मालकाचं नाव. «हुकमावरून» नाही.

ही नोटीस जुनीपेक्षा बरीच लांब आहे, हे मला दिसतं. जिन्यात उभ्याने वाचायला ती नाहीच. ती हातात द्यायची आहे, घरी बसून दोघातिघांनी वाचायची आहे. कामाच्या आदल्या संध्याकाळी मात्र दारावर दोनच ओळी लावा: उद्या ९ ते ५ बाथरूममध्ये पाणी सोडू नका, खाली पाइप उघडा आहे.

तुमचे आणि भाडेकरूचे दिवस वेगळे कसे मोजले जातात, तेही या नोटिशीत बघा. आम्ही मालकाला तीन दिवस सांगतो, कारण आमची माणसं पाइपवर तीन दिवस लागतात. मालक तेच पुढे लिहितो. भाडेकरू मात्र आंघोळ कधी करता येईल ते मोजतो आणि त्याच्यासाठी तो आठवडा असतो. चौथ्या दिवशी त्याने सवयीने बादली ओतली की ओला मसाला धुपतो, सहा महिन्यांनी खालच्या छताला डाग येतो आणि मग पाइप नीट बसवला नाही म्हणून भांडण सुरू होतं. वाळण्याचे दिवस आणि पाणी भरून बघण्याचा दिवस कामातच धरा. ठेकेदाराला सरळ विचारा की पाइप बसल्यावर किती दिवस जमीन कोरडी ठेवायची. उत्तर मसाल्यावर आणि हवेवर अवलंबून असतं. पावसाळी दमट हवेत तो माझ्या उदाहरणातल्यापेक्षा जास्त दिवसही सांगेल.

कशाला मुभा आहे आणि कशाला नाही, हे या कागदात वेगवेगळं लिहिलं आहे. तारखा ठरलेल्या आहेत. पाणी सोडायचं नाही म्हणजे नाहीच. पण किल्ली द्यायची की कोणाला बसवायचं हे भाडेकरूने ठरवावं, आणि कुठल्या घरात आधी जायचं यावर बोलता येतं. पाइप खालून वर बदलत असला तरी जोडाच्या आधीची फोडाफोड आणि नंतरचं बंद करणं काही तासांनी मागेपुढे करता येतं. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाच्या घरात सकाळी नवाऐवजी दुपारी हातोडा वाजला तर आमचं काही बिघडत नाही. हे विचारणं मालकाला फुकट पडतं आणि त्यानंतर भाडेकरू स्वतःहून वाट मोकळी करून ठेवतो.

किल्लीच्या बाबतीत मी आग्रहाने सांगतो. भाडेकरू दार उघडायला कां-कूं करतात ते बहुधा हट्टाने नव्हे. आपण नसताना अनोळखी माणसं घरात शिरणार, याची त्यांना धास्ती असते आणि ती रास्त आहे. मी थांबेन, असं मालकाने लिहिलं तर खरोखर थांबलं पाहिजे. जमणार नसेल तर कोण थांबणार त्याचं नाव लिहा. पाळता येणार नाही असं एकही वचन या कागदावर नको. पाचला पाइप जोडून देणं आमच्या हातात असतं, म्हणून ते लिहिलं. सगळं काम हमखास गुरुवारी संपेल, असं मात्र लिहिलेलं नाही. जुन्या भिंतीत काय निघेल ते फोडल्यावरच कळतं. त्यासाठीच चार वाजता येऊन सांगण्याची सोय ठेवली आहे.

थकलेलं भाडं आणि जिन्यातल्या चपला काढून टाकल्या आहेत. त्यांचे कागद वेगळे असू द्या. दुरुस्तीच्या नोटिशीत वसुली आली की ज्याचं भाडं वेळेवर आहे त्यालाही ती आपल्यावर ओरडल्यासारखी वाटते, आणि ज्याचं थकलं आहे तो त्या आठवड्यात मालकासमोर येणंच टाळतो. आपल्याला तर त्याचं दार उघडायला हवं असतं. बाकीच्या भाडेकरूंनाही हा लांब कागद देऊ नका. त्यांचं पाणी बंद होणार नाही. तीन दिवस ९ ते ५ आवाज होईल आणि जिन्यात पाइप व पोती असतील, एवढं सांगितलं की पुरे.

नोटीस किमान आठ-दहा दिवस आधी द्या आणि प्रत्येक दाराची बेल वाजवून हातात द्या. दोन मिनिटं उभं राहून, तीन दिवस ९ ते ५ पाणी नाही आणि आठवडाभर आंघोळ खाली, एवढं तोंडानेही सांगा. सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, आणि येत असलं तरी कागद बाजूला पडतात.

एवढं करूनही एखादा भाडेकरू दहा तारखेपर्यंत उत्तर देणार नाही. तेव्हा पुन्हा सगळी नोटीस पाठवू नका आणि आवाजही चढवू नका. एवढंच लिहा: «तुमच्याकडून अजून उत्तर आलं नाही. बाकीच्या तिन्ही घरांची सोय झाली आहे. १४ ला सकाळी ९ ला मी प्लंबरला घेऊन तुमच्या दारात येईन. तुमची काही अडचण असेल तर आज रात्री नऊपर्यंत सांगा, मी घरी येऊन बोलतो.» बाकीच्यांची सोय झाली हे खरं असेल तरच लिहा. तीन घरं आपल्यासाठी अडून राहणार, ही गोष्ट धमकीपेक्षा लवकर पटते.

तरीही नकार आला तर मग तुमचा करारनामा आणि तुमच्याकडचा कायदा बघावा लागेल. मालकाने किती दिवस आधी लेखी कळवायचं, कोणत्या कारणाने आत यायचं, हे बऱ्याच ठिकाणी ठरलेलं असतं. ती मुदत पहिल्या नोटिशीपासूनच पाळा. मी वर लिहिलेला कागद त्या मुदतीत, तारीख घालून, एक प्रत स्वतःकडे ठेवून दिला तर पुढे तोच उपयोगी पडतो, कारण त्यात कारण, वेळ आणि दिलेले पर्याय सगळं स्पष्ट आहे. भाडेकरू नसताना कुलूप उघडून आत जाण्याचा विचारही करू नका. पाइप अचानक फुटून घरात पाणी भरतंय तेव्हाची गोष्ट निराळी. तिथे आधी फोन, मग साक्षीला शेजारी, आणि तेवढंच काम.

आणखी एक छोटा कागद राहतो, जो फार थोडे मालक देतात. मंगळवारी २१ ला छत कोरडं दिसलं की चारही घरांना कळवा: पाणी भरून पाहिलं, गळती नाही, बाथरूम आता पूर्ण वापरा. पुढच्या महिन्याभरात भिंतीला किंवा छताला ओल दिसली, शौचालयाजवळ वास आला, तर वाट न बघता मला सांगा, कारण नवीन काम आहे तोवर ठेकेदाराकडून ते दुरुस्त करून घेता येतं. छत ओलं दिसलं तर तेही त्याच दिवशी कळवा, पाणी कुठून येतंय ते शोधतोय आणि बाथरूम कधीपर्यंत बंद राहील ते सांगा. तळमजल्याच्या किल्ल्या तोपर्यंत परत मागू नका.

आपला,
दुरुस्तीची कामं पाहणारा एक पर्यवेक्षक